पान म्हणजे किती पृष्ठं?

भाऊकाकांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. मेथीची जुडी, खाली वर्तमानपत्र, मोबाइल स्पीकरवर. “मेल मिळाली गं तुझी,” ते म्हणाले आणि थांबले. फोनवर माणूस थांबला की मला आधी वाटतं रेंज गेली. “सगळं बरोबर लिहिलंयस. पण कसं सांगू... कंत्राटदाराला पाठवतात ना, तशी वाटली जरा.” मग लगेच हसले, प्रकृतीची चौकशी केली, थंडी पडलीय म्हणाले, ठेवला. मेथी निवडून झाली, पातेल्यात गेली, जेवणं झाली. पण ते ‘जरा’ रात्री अंथरुणापर्यंत माझ्याबरोबर आलं.

भाऊकाका माझ्या बाबांचे मित्र. त्यांच्या मांडीवर बसून मी कधीकाळी पाढे म्हटलेत. गेल्या फेब्रुवारीत काकू गेल्या आणि दिवाळीनंतर कपाट आवरताना काकांना दोन वह्या सापडल्या. कविता होत्या. काकू कविता करतात हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई हे कधी करत होती, असं काकांनी मला फोनवर तीन वेळा विचारलं, जणू मला माहीत असावं. मी गेली अठरा वर्षं घरी बसून पुस्तकांची मांडणी करते. अक्षरजुळणी, पानं लावणं, प्रुफं, छापखान्याशी बोलणं. तर त्या वह्यांचं पुस्तक करायचं ठरलं. चाळीस मिनिटांचा फोन. त्यातली सदतीस मिनिटं काकूंबद्दल आणि शेवटची तीन मिनिटं दर, पृष्ठं, तारीख यांबद्दल. ही तीन मिनिटं मी लाइटबिलाच्या पाठीवर टिपून घेतली आणि त्याच दिवशी दुपारी मेल लिहिली.

आता ही सवय. पूर्वी नव्हती.

सवय कशी लागली ते सांगायचं तर एका स्मरणिकेपर्यंत मागे जावं लागेल. एका संस्थेला पंच्याहत्तर वर्षं झाली होती आणि तिचे चिटणीस निवृत्त मराठी शिक्षक होते. शुद्धलेखनाच्या बाबतीत लोखंडी माणूस. फोनवर मी म्हटलं, “पानाला दीडशे.” ते म्हणाले, “ठीक.” मी म्हटलं, “पाडव्याच्या आधी देते.” ते म्हणाले, “उत्तम.” एवढ्यावर काम सुरू झालं. स्मरणिका शहाण्णव पृष्ठांची झाली. मी बिल पाठवलं, १४,४०० रुपयांचं. तिसऱ्या दिवशी माझ्या खात्यात ७,२०० जमा झाले. मला वाटलं, अर्धे आत्ता, अर्धे नंतर. आठवड्याने विचारलं तर चिटणीस शांतपणे म्हणाले, “बाई, पूर्ण दिले की. अठ्ठेचाळीस पानं, दीडशेच्या दराने.”

आणि ते बरोबर होते! पान म्हणजे कागदाचं पान. झाडाचं जसं एक पान, त्याला दोन बाजू, तसं पुस्तकाचं एक पान आणि त्याची दोन पृष्ठं. त्यांनी आयुष्यभर वर्गात हेच शिकवलं होतं. मी मात्र छापखान्यात वाढलेली. तिथे ‘सोळा पानी फर्मा’ म्हणतात तेव्हा एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पृष्ठं छापलेली असतात. घड्या घातल्या की कागदाची पानं आठच होतात, पण छापखान्यातलं कुणी त्याला आठ पानी म्हणणार नाही. म्हणजे एकच शब्द, एकच फोन, दोघांचाही हेतू स्वच्छ आणि रकमेत बरोबर दुपटीचा फरक. फसवलं कुणीच नव्हतं. फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे दोघंही आपापल्या मराठीला धरून खरे. मी तावातावाने म्हटलं, व्यवसायात पान म्हणजे पृष्ठच. ते म्हणाले, मग तसं लिहून द्यायचं होतं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मधला आकडा निघाला. १०,८००. मी ३,६०० रुपये कमी घेतले आणि त्यांच्या समितीला ३,६०० जास्त मोजावे लागले. दोघांनाही वाटलं की आपणच उदार झालो. त्यानंतर त्या संस्थेचं काम माझ्याकडे आलं नाही.

पुढे माझ्या वकील मावसभावाला हे सांगितलं तर तो इतका हसला की चहा सांडला. म्हणाला, तुझी गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी घोड्याच्या बाबतीत घडून गेलीय. इंग्लंडात एक काका आणि एक पुतण्या, फेल्टहाउस आडनावाचे. पुतण्याचा घोडा काकाने घ्यायचं तोंडी बोलणं झालं. काका समजला तीस पौंड, पुतण्या समजला तीस गिनी. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, पौंड म्हणजे वीस. म्हणजे दोघांच्या हिशेबात तीस शिलिंगांचा, दीड पौंडाचा फरक. काकाने पत्र लिहिलं की आपण फरक अर्धा अर्धा वाटू, तीस पौंड पंधरा शिलिंग. इथपर्यंत माझीच गोष्ट! पण काकाने पत्रात पुढे आणखी एक वाक्य घातलं. तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं मी समजतो. पुतण्याने उत्तर दिलं नाही. घोडा द्यायचा त्याच्या मनात होता. त्याने लिलाव करणाऱ्याला सांगूनही ठेवलं होतं की हा घोडा विकायचा नाही. लिलाववाला विसरला, त्याने घोडा विकून टाकला. काकाने दावा लावला तो लिलाववाल्यावर, माझा घोडा तू विकलास म्हणून. १८६२ साली कोर्टाने सांगितलं, घोडा तुझा झालाच नव्हता. तू पत्र लिहिलंस, समोरच्याने उत्तर दिलं नाही, आणि गप्प बसणं म्हणजे होकार असं तू एकट्याने ठरवू शकत नाहीस.

“म्हणून,” भाऊ म्हणाला, “मेलच्या शेवटी लोक लिहितात ना, दोन दिवसांत कळवलं नाही तर मान्य आहे असं समजू, ते लिहायला छान वाटतं. त्यावर फार विसंबू नको.” मग त्याने त्यातली बारीक गोष्ट समजावली, ती माझ्या डोक्यात पक्की बसलीये. फोनवर करार खरोखर झाला असेल तर तो फोनवरच झाला. आपल्या १८७२ च्या करार कायद्याला बहुतेक व्यवहारांसाठी कागद लागत नाही, तोंडी करारही करारच. नंतरची मेल तो करार जन्माला घालत नाही, तो काय होता एवढं सांगते. त्यामुळे जे ठरलं तेच लिहिलं असेल आणि समोरचा गप्प राहिला, पुढे काम घेत राहिला, तर त्या मेलला पुरावा म्हणून वजन असतं. पण फोनवर न झालेली एखादी अट तुम्ही मेलमध्ये हळूच सरकवली, तर ती अट म्हणजे तो घोडा. उत्तर येईपर्यंत तुमची नाही.

आणि सरकवावीशी वाटते हो. हे मी प्रामाणिकपणे लिहितेय. फोन ठेवल्यावर आपल्याला सुचतं, अरे, उशिराच्या पैशांबद्दल बोललोच नाही, मुखपृष्ठाचे तीन नमुने द्यायचे की एक ते राहिलंच. बोटं टाइप करत असतातच, एक ओळ आणखी टाकली तर कुणाला कळणार? मी दोनदा तसं केलंय. एकदा पचलं. दुसऱ्यांदा समोरच्या बाईंनी तेवढीच ओळ पिवळी करून परत पाठवली, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. त्या पिवळ्या ओळीची लाज मला अजून वाटते, कारण त्यानंतर त्यांनी बाकीच्या सगळ्या ओळीही संशयाने वाचल्या असणार. आता राहिलेलं काही सुचलं तर मी ते वेगळं लिहितेच. ‘हे आपण बोललो नव्हतो, माझं म्हणणं असं आहे, तुमचं कळवा.’ ठरलेलं वरच्या परिच्छेदात, विचारायचं खालच्या. दोन्हींची सरमिसळ नाही.

लिहून ठेवण्यात आपल्या लोकांना एक संकोच असतो हे मात्र खरं. “आपल्यातच आहे”, “बघून घेऊ”, “तुम्हाला काय जास्त सांगायचं”. या वाक्यांवर किती संसार, किती इमारती आणि किती भांडणं उभी आहेत. पण त्याच आपल्या लोकांनी लग्नासारख्या सगळ्यात नाजूक सौद्याला लेखी केलं होतं, हे मला भाऊकाकांच्या फोननंतर त्या रात्री आठवलं.

याद्या.

माझ्या धाकट्या आत्याचं लग्न ठरलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. साताऱ्याकडचं घर, ओसरीवर सतरंजी, मुलाकडची सहा-सात माणसं, आतून कांदेपोह्यांच्या फोडणीचा वास. आजोबांनी फुलस्केप कागद घेतले, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली. दोन प्रती, एक त्यांची आणि एक आमची. मग शाईच्या पेनाने कलमं लिहायला सुरुवात केली. कार्यालय कुणी, जेवण कुणी, आचारी कुणाचा, मुलीच्या अंगावर काय, मुलाचा पोशाख काय, मानाची लुगडी किती आणि कुणाकुणाला. सगळं तर आधीच्या बैठकीत बोलून झालं होतं. मुलाचे मामा म्हणालेही, “अहो, आता हे लिहायचं कशाला, आपण काय परके आहोत का?” आजोबांनी मान हलवली आणि लिहीत राहिले. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा सारखा करून सगळं मोठ्याने वाचायला घेतलं. प्रत्येक कलमानंतर एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचे. “वरातीचा बँड...” असं वाचलं आणि थांबले. पुढे कुणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं. मुलाकडचे आमच्याकडे बघायला लागले, आमचे त्यांच्याकडे. आधीच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी मानेने ‘हो हो’ केलं होतं आणि दोघांनीही धरलं होतं की बँड समोरचे आणणार. आतून आजी बांगड्या वाजवत दारापर्यंत आली. मिनिटभर ओसरीवर फक्त पंख्याचा आवाज. मग मामाच म्हणाले, बँड आमचा. आजोबांनी लिहिलं, पुन्हा वाचलं, सह्या झाल्या, पेढे आले. तो बँड लग्नाच्या दिवशी, मांडवाच्या दारात आठवला असता तर काय झालं असतं, ते आत्या अजून सांगते. दर वेळी थोडं वाढवून.

त्या ओसरीवर जे झालं तेच मेलमध्ये होतं, फक्त हळदीकुंकू नसतं. आजोबांनी कागद मोठ्याने वाचला तो कुणाला धाकात ठेवायला नाही. मानेने दिलेला होकार शब्दांत उतरला की कुठे पोकळ निघतो ते कळावं म्हणून. म्हणून मीही मेलमध्ये पहिलं वाक्य नेहमी एकच लिहिते. ‘आज सकाळी फोनवर ठरलं ते मला जसं समजलं तसं लिहिते.’ ‘मला जसं समजलं’ हे तीन शब्द मी पुष्कळ विचार करून घातलेत. चूक माझ्या कानांची असू शकते, एवढी फट त्यातून समोरच्याला मिळते. आणि मेल त्याच दिवशी जाते. दुसऱ्या दिवशी माझ्याच डोक्यातलं बोलणं थोडं माझ्या सोयीचं झालेलं असतं, हा अनुभव आहे.

काकांना गेलेली मेल अशी होती:

विषय: काकूंच्या कवितांचं पुस्तक, २ डिसेंबरला फोनवर ठरलेलं

काका, सा. न.
आज सकाळी फोनवर ठरलं ते मला जसं समजलं तसं लिहिते.

१. काम: दोन वह्यांवरून अक्षरजुळणी, मांडणी, दोन प्रुफं, मुखपृष्ठ.
२. यात नाही: कागद, छपाई, बांधणी. त्याचं बिल छापखाना तुम्हाला थेट देईल.
३. दर: एका पृष्ठाला १८० रुपये. पृष्ठ म्हणजे कागदाची एक बाजू. कोरी पृष्ठं मोजणार नाही. ९६ पृष्ठं होतील असा अंदाज, म्हणजे १७,२८०. मुखपृष्ठाचे ४,०००. एकूण अंदाजे २१,२८०. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर नाही. सुरुवातीला १०,६४०, बाकी फाइल छापखान्यात जाताना, प्रत्यक्ष पृष्ठं मोजून.
४. दुरुस्त्या: दोन्ही प्रुफांतल्या दुरुस्त्या दरात आल्या. नवा मजकूर वाढला तर आधी बोलू, मग लिहू.
५. तारखा: वह्या माझ्याकडे १० डिसेंबर. पहिलं प्रूफ ५ जानेवारी, तुमच्याकडून परत १२ जानेवारी. दुसरं प्रूफ १७ जानेवारी. फाइल छापखान्यात २४ जानेवारी. पुस्तकं हातात १० फेब्रुवारी, म्हणजे १४ फेब्रुवारीच्या वर्षश्राद्धाआधी.

काही चुकलं असेल तर सांगा. बरोबर असेल तर ‘बरोबर आहे’ एवढं उत्तर पाठवा, म्हणजे सुरू करते.

रात्री मी ही मेल पाच वेळा वाचली. कंत्राटदाराची वाटते? वाटते. ‘यात नाही’ हे कलम तर फारच कोरडं. पण तेच कलम मी सगळ्यात आधी लिहिते, कारण ‘पुस्तक करून देते’ असं मी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छापलेली, बांधलेली, नव्या शाईचा वास येणारी प्रत उभी राहते आणि माझ्या डोळ्यांसमोर एक पीडीएफ. काय करणार ते सगळेच लिहितात. भांडण मात्र काय करणार नाही त्यावरून होतं. ‘पृष्ठ म्हणजे कागदाची एक बाजू’ हे वाक्य तर चिटणीसांचं स्मारकच म्हणा. दर मेलमध्ये असतं. ‘कोरी पृष्ठं मोजणार नाही’ हेही असंच कुठेतरी ठेच लागून आलेलं. कवितेच्या पुस्तकात उजव्या पृष्ठावर विभागाचं नाव आणि मागचं डावं कोरं, अशी पृष्ठं पाच-सहा सहज निघतात. एकूण रकमेपुढे ‘अंदाजे’ आणि पुढे ‘प्रत्यक्ष पृष्ठं मोजून’ हेही हवंच, नाहीतर एकूण आकडाच लोकांच्या लक्षात राहतो आणि दर विसरला जातो.

पण काका हे काही संस्था नव्हेत. मी कुठल्या तोंडाने त्यांना कलम दोन, कलम तीन लिहिलं? सदतीस मिनिटं ज्या माणसाचा आवाज मधूनमधून जात होता, त्याला दुपारी जेवणानंतर जीएसटीबद्दल वाचायला लावलं. मग दुसरं मन म्हणायचं, त्या सदतीस मिनिटांमुळेच तर लिहायला हवं होतं. रडत्या माणसाशी बोललेले आकडे त्याच्या लक्षात राहिले असतील, हे मी कशावरून धरायचं? काका त्या दिवशी दराला ‘हो’ म्हणाले ते १८० ला म्हणाले की काकूंच्या कविता कुणीतरी छापतंय याला म्हणाले, हे मला खरंच माहीत नव्हतं. चाळीस टक्के काम फुकट करावं असंही एकदा मनात आलं. पण काकांनीच फोनवर बजावलं होतं, “पैशाचं नीट सांग, तुझं पोट आहे ते.”

एक पर्याय होता, व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायचा. काका व्हॉट्सॲपवर असतात, सकाळी फुलं पाठवतात. पण तिथे एक ओळ तिसऱ्या दिवशी गणपतीच्या फोटोंखाली गाडली जाते, फोन बदलला की जुनं सगळं येईलच याची खात्री नाही, आणि पाठवलेलं पुसताही येतं. मेल माझ्याकडेही राहते, त्यांच्याकडेही, एकाच विषयाखाली, तारीख-वेळेसकट. कायद्यालाही आता मेलवर झालेला करार चालतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०क घातलंय ते त्यासाठीच, निव्वळ संगणकावरून झाला म्हणून करार बाद होत नाही. मावसभावाने एवढंच बजावलंय की मूळ मेल खात्यात ठेव, नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नको. उद्या कोर्टात द्यायची वेळ आली तर सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते मूळ नोंद हाताशी असेल तर सोपं. काकांवर मी कोर्टात जाणार होते का? छे. कुणावरच गेले नाही आजवर. सात-आठ हजारांसाठी वकिलाकडे जाणं म्हणजे मावसभावालाच श्रीमंत करणं. मेल जो उपयोग करते तो कोर्टाच्या खूप आधी, पहिल्या ‘पण तू तर म्हणाली होतीस’ला.

तीन दिवस उत्तर नाही. मी फोनही केला नाही, भीती वाटत होती. वह्या आल्या नव्हत्या, पैसे आले नव्हते. तो घोडा आठवत होता.

चौथ्या दिवशी सकाळी मेल. काकांनी माझीच मेल खाली ठेवून वर लिहिलं होतं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, एकेका कलमाला खूण करून.

‘१ बरोबर. २ बरोबर, छापखान्याचा अंदाज वेगळा मागव. ३ बरोबर, रक्कम आज पाठवली. ४ बरोबर. ५ मध्ये चूक आहे. वर्षश्राद्ध तिथीने करायचं. माघ वद्य द्वितीया, ती यंदा ३ फेब्रुवारीला येते. तू तारखेने धरलंस. आधीच सांगायला हवं होतं मी. माझ्या डोक्यात दुसरं काही असू शकतं हेच आलं नाही. पुन्हा मांडून पाठव.’

मी खुर्चीत बसून राहिले. फोनवर आम्ही दोघांनी ‘वर्षश्राद्धाच्या आधी’ असं कितीतरी वेळा म्हटलं होतं, आणि दर वेळी दोघांनीही माना डोलावल्या होत्या. चांद्र वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं, तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवस आधी येते, अधिक महिना पडला की पुन्हा पुढे ढकलली जाते. हे आपल्याला माहीत असतं, गणपती-दिवाळीच्या वेळी तर तोंडपाठ असतं. तरी मी निर्धास्तपणे १४ फेब्रुवारी धरून चालले होते, कारण काकू गेल्या तो फोन मला त्या दिवशी आला होता. मेलमध्ये मी नुसतं ‘वर्षश्राद्धाआधी’ लिहिलं असतं तर काकांनी तिथेही ‘बरोबर’ची खूण केली असती. आणि १० फेब्रुवारीला मी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन गेले असते, श्राद्ध होऊन आठवडा झालेल्या घरी.

पुन्हा मांडली. त्याच मेलला उत्तर म्हणून, नवी मेल नाही, म्हणजे आधीचं खाली दिसत राहतं. ‘कलम ५ मधल्या तारखांऐवजी’ असं लिहून सगळ्या तारखा अकरा दिवस मागे. पहिलं प्रूफ २५ डिसेंबर, परत १ जानेवारी, दुसरं ६ जानेवारी, फाइल १३ जानेवारी, पुस्तकं ३० जानेवारी. ‘बाकी कलमं होती तशीच’ ही ओळही घातली, नाहीतर पुढे कुणी म्हणायचं की बदललं ते सगळंच बदललं. काकांचं उत्तर तासाभरात. ‘बरोबर आहे.’ दोन वह्या दुपारी रिक्षाने आल्या, जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेल्या. फडक्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

अकरा दिवस कमी झाल्याने नाताळ तसा गेलाच. काकूंचं अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेलं, ‘र’ आणि ‘स’ मध्ये घोटाळा व्हायचा. पहिलं प्रूफ काकांनी दोन दिवस उशिरा दिलं. मी काही बोलले नाही, पण मेलमध्ये ‘३ जानेवारीला प्रूफ मिळालं, दुसरं ८ ला देते, १३ ची तारीख कायम’ एवढं लिहिलं. त्यावरही ‘बरोबर आहे’ आलं. त्यांना त्याची आता मजा वाटायला लागली असावी.

सगळं चौऱ्याण्णव पृष्ठांत बसलं. सोळाचे सहा फर्मे म्हणजे शहाण्णव, शेवटची दोन पृष्ठं कोरी. ठरल्याप्रमाणे ती मोजायची नव्हती. १० जानेवारीला काकांचा फोन आला. काहीतरी मागायचं असलं की ते आधी खोकतात. “एक पान वाढवता येईल का गं शेवटी?” कॅलेंडरचं पान होतं, गेल्या वर्षीच्या जानेवारीचं, काकूंच्या हातचं शेवटचं पूर्ण महिन्याचं. पुढच्या बाजूला तारखांच्या चौकटींत दुधाचे खाडे. सात तारखेला अर्धा लिटर कमी, एकवीसला दूध नाही, बाविसाव्या चौकटीत बारीक अक्षरात ‘दीड घेतलं, पाव्हणे’. दर महिन्याला दूधवाला आला की काकू ते पान काढून त्याच्यासमोर मोजायच्या, आणि तो म्हणायचा, वहिनी, तुमचं असेल तेच बरोबर. “आणि मागच्या बाजूला,” काका म्हणाले, “पाककृती छापलीय ना, तिच्या कडेने पेन्सिलीने चार ओळी आहेत. कविताच आहे ती. मला काल दिसल्या. तर हे एक पान. पाठपोट.”

“काका,” मी विचारलं, “एक पान म्हणजे दोन पृष्ठं, नाही का?”

“दोन पृष्ठं,” ते म्हणाले. “वाढीव धर. कलम चार.”

फोन ठेवला आणि मी मेल लिहायला बसले. आधी वाटलं, हे नाही लिहायचं. मग लिहिलंच. ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे, कलम ४ खाली वाढीव मजकूर: कॅलेंडरचं १ पान, म्हणजे पृष्ठ ९५ आणि ९६. पाककृतीचा छापील मजकूर कापून फक्त हस्ताक्षर घेते. फर्मे सहाच राहतात, त्यामुळे छापखान्याच्या खर्चात फरक नाही. या दोन पृष्ठांचा दर: ० रुपये. १३ जानेवारीची तारीख कायम.’

उत्तर रात्री साडेदहाला आलं, काकांच्या झोपेच्या वेळेच्या कितीतरी नंतर. त्यांनी ‘०’ च्या पुढे खूण केली होती आणि खाली नेहमीचे दोन शब्द होते.